सोसायटीचा नको, तुमचा ईमेल द्या

जानकी राणे कुठल्याही सोसायटीच्या ऑफिसात गेली, की चहा यायच्या आधी मिनिट बुक मागते आणि शेवटच्या सभेचं पान उघडते. चेअरमनची सही नसली की भुवया वर जातात, आणि मग समोरचा सेक्रेटरी कितीही वयाचा असो, शाळेतल्यासारखा सरळ बसतो. ती ओरडत नाही. फक्त विचारते, "ही सभा झाली होती ना नक्की?"

हे शिक्षण घरातूनच आलं. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर घरदार लालबागहून भांडुपला आलं आणि वडील मुलुंडच्या एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले. सभेच्या दिवशी गच्चीत खुर्च्या मांडायच्या आणि भांडणं संपली की उचलायच्या, हे त्यांचं काम. घरी येऊन ते सगळ्यांच्या नकला करत. कोण पार्किंगवरून उठून गेला, कोण गळक्या छताचं पाणी बाटलीत भरून घेऊन आला. दोन्ही मुली हसून लोळत. धाकटी श्वेता हसून विसरून जायची. मोठी जानकी विचारायची, "पण बाबा, मग ठरलं काय?"

पुढे तिने नोकरी करता करता जीडीसी अँड ए, म्हणजे सहकारी संस्थांच्या हिशेबाची पदविका, केली आणि मुलुंडच्या एका ऑडिटरकडे सतरा वर्षं सोसायट्यांचे हिशेब बघितले. ऑडिटर थकले, ऑफिस बंद झालं, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी जानकीने स्वतःचं कार्ड छापलं: गृहनिर्माण संस्था सल्लागार. नवरा नितेश पवईच्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये असतो. कार्ड बघून तो म्हणाला, "झकास. आता हे द्यायचं कोणाला?"

प्रश्न बरोबर होता. ऑफिसात असताना कामं सरांच्या नावावर येत. सरांचं नाव गेलं आणि जानकीला कळलं, की भांडुप ते घाटकोपर शेकडो सोसायट्या तिला ओळखतात, पण "सरांकडच्या मॅडम" म्हणून. आडनावही कोणाला माहीत नव्हतं.

अशा वेळी दादू म्हात्रे भेटला. दादू एका बिल्डरसाठी रीडेव्हलपमेंटच्या सोसायट्या शोधायचा. माणूस मनमोकळा, सगळ्यांच्या लग्नाकार्याला हजर, कोणाच्या आईला रात्री-अपरात्री हॉस्पिटलात न्यायचं असलं तर गाडी घेऊन उभा. त्याने जानकीला एकामागून एक सोसायट्या मिळवून दिल्या. थकलेलं ऑडिट, अर्धवट मेंबर रजिस्टर, असली कामं. कागद नीट झाले की सोसायटी रीडेव्हलपमेंटला तयार होते, एवढा साधा त्याचा हिशेब. जानकीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

वावगं वाटलं ते घाटकोपरला. तिथल्या कमिटीने दादूच्याच बिल्डरचं ऑफर लेटर तिच्यापुढे सरकवलं आणि म्हटलं, तुम्ही बघाच एकदा. तिने बघितलं. बांधकाम लांबलं तर रहिवाशांचं भाडं पुढे कोण देणार, याबद्दल पत्रात अक्षर नव्हतं. तिने ते तिथल्या तिथे सांगितलं.

खाली गाडीपाशी दादू थांबला होता.

"ताई, तुम्हाला रजिस्टर बघायला आणलं होतं."

"त्यांनी विचारलं, दादूभाऊ."

"विचारतील हो. लोक काय, काहीही विचारतात. आपण आपलं बघायचं." तो हसतच बोलला. पण त्यानंतर महिनाभर त्याचा फोन आला नाही, आणि महिनाभर जानकीला दुसरं कामही आलं नाही.

त्या महिन्यात तिला नीट उमगलं. सगळी कामं एकाच माणसाच्या हातून येत असतील, तर आपलं तोंडही त्याच माणसाच्या हातात असतं. दादू वाईट नव्हता, म्हणून तर ते जास्त टोचत होतं. लोकांनी स्वतःहून, तिच्या नावाने तिच्याकडे यायला हवं होतं. नाहीतर पुढच्या ऑफर लेटरच्या वेळी ती गप्प बसेल, ही भीती तिला वाटू लागली. गप्प बसण्याची सवय किती पटकन लागते, हे तिने वेगवेगळ्या कमिट्यांवर बघितलं होतं.

श्वेता अंधेरीला एका मार्केटिंग कंपनीत आहे. रविवारी माहेरी दोघी जमल्या तेव्हा जानकीने विषय काढला.

"ईमेल लिस्ट कर," श्वेता म्हणाली.

"मेल कोण वाचतं गं? बँकेची जाहिरात येते तीसुद्धा मी न बघता उडवते."

"कारण ती तू मागितलेली नसते. ऐक. लोकांच्या उपयोगाचं काहीतरी लिही. फुकट दे. ते हवं असेल त्याने आपला ईमेल द्यायचा. त्याला माहीत आहे आपण का दिला, तुला माहीत आहे त्याला काय अडलंय. मग अधूनमधून उपयोगाचंच लिहीत राहा. ज्या दिवशी त्याला माणूस लागेल, त्या दिवशी तुझं नाव आठवेल. आमच्याकडे याला लीड मॅग्नेट म्हणतात."

"म्हणजे प्रसाद दाखवून कीर्तनाला बसवायचं."

"प्रसाद खरा असला तर लोक बसतात, ताई."

जानकी कामाला लागली आणि तीन आठवड्यांत तिने अडुसष्ट पानं लिहिली. सोसायटीची नोंदणी, कमिटी, हिशेब, वारस, थकबाकी, पार्किंग, लिफ्ट, कबुतरांच्या जाळ्या. तिला येत होतं ते सगळं. आईने प्रिंटचा गठ्ठा हातात तोलला आणि म्हणाली, "काय गो, ह्या काय लिवलंस? पोथी?"

श्वेता तर हसायलाच लागली. "हे वाचून माणूस सेक्रेटरीपदाचा राजीनामा देईल! ताई, एक प्रश्न घे. एकच. आत्ता, या दिवसांत तुला सगळ्यात जास्त फोन कशासाठी येतात?"

जुलै चालू होता. विचार करायची गरजच नव्हती. "एजीएम. तीस सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची असते. नोटीस कधी काढायची, तेवढंच सगळे विचारतात आणि तेवढंच सगळे चुकतात. चौदा दिवस पूर्ण हवेत. नोटिशीचा दिवस मोजायचा नाही, सभेचा दिवस मोजायचा नाही. लोक दोन्ही मोजतात. मग एखादा चिडका मेंबर उभा राहतो आणि म्हणतो, सभाच बेकायदेशीर!"

"हे लिही. फक्त हे."

अडुसष्टची सहा पानं करताना जानकीला पोटचं काही कापल्यासारखं झालं. पण सहा पानं झाली तेव्हा तिलाही दिसलं, की हे माणूस चहा पिता पिता वाचेल आणि वाचून लगेच उठून काहीतरी करेल. सभा ठरल्यापासून सभा संपेपर्यंतची कामं, एकापुढे एक. श्वेताने एक साधं वेबपेज केलं. वर या सहा पानी गाइडचं नाव, खाली दोन ओळी, नाव आणि ईमेल लिहायच्या दोन चौकटी, एक बटण. दुसरं काही नाही. बटण दाबलं की त्या पत्त्यावर एक मेल जाणार: हा तुमचाच ईमेल ना, इथे क्लिक करून कळवा. क्लिक केलं की गाइड. त्या पत्त्यावर जाणाऱ्या प्रत्येक मेलच्या तळाशी नाव काढून टाकायची सोय.

"दोनदा कशाला विचारायचं?" जानकी म्हणाली.

"कोणी दुसऱ्याचाच पत्ता टाकला तर? चुकीचा टाकला तर? ज्याने मागितलं नाही त्याला मेल गेलं, की तो स्पॅमचं बटण दाबतो. असे बरेच झाले, की तुझी चांगली मेलंसुद्धा लोकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडतात."

पहिल्या आठवड्यात तीस-एक नावं आली आणि एक गेलं. गेलेल्या नावाने जानकीचा दिवस खराब झाला. मुलुंडचे कोणी श्यामकांत वैद्य. "मी त्यांना फोन करून विचारू का, काय चुकलं?"

"वेडी आहेस का! नाव काढलं की सोडून द्यायचं."

"अगं पण रागावले असतील."

"रागावले नाहीत गं, त्यांना नकोय. लग्नातून जेवून निघालेल्या माणसाच्या मागे धावतेस का तू?"

"आपल्याकडे धावतात," जानकी म्हणाली. पण फोन केला नाही.

मग तिने ती गोष्ट केली, जी कोकणी घरात वाढलेल्या कोणीही केली असती. मामेभाऊ लवू कांजूरमार्गला एका सोसायटीचा खजिनदार. त्याने व्हॉट्सॲपवर विचारलं, तू काय ते पुस्तक काढलंयस म्हणे? आता मामेभावाला फॉर्म भरायला सांगायचं? जानकीने पीडीएफ थेट पाठवली. लवूने ती सोसायटीच्या ग्रुपवर टाकली, तिथून ती गावकऱ्यांच्या मंडळात गेली, तिथून कुठे कुठे. ऑगस्टच्या मध्यावर ती जानकीच्या स्वतःच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर आली. वर लिहिलं होतं, "अतिशय उपयुक्त माहिती, जरूर वाचा." फॉरवर्ड झाल्याचे बाण डबल.

जानकी हरखली. श्वेताला फोन करून म्हणाली, "सगळी मुंबई वाचतेय!"

"आणि फॉर्म?"

फॉर्म जवळजवळ थांबला होता. जे आयतं हातात येतं, त्यासाठी पत्ता कोण देणार? शेकडो लोकांनी गाइड वाचलं होतं आणि जानकीला त्यातल्या एकाचंही नाव माहीत नव्हतं. जी थोडी नावं येत होती, त्यांतलीही निम्म्याहून अधिक अडकलेली. बटण दाबलेलं, पण खात्री करणाऱ्या त्या मेलवर क्लिक नाही. श्वेताने त्या मेलचा विषय बदलला, शब्द बदलले, वेळ बदलली. काही फरक पडेना.

आणि दादूचा फोन मात्र आला. "ताई, रागावलात काय? चारकोपला दोन सोसायट्या आहेत, या ना." जानकी गेली. रजिस्टरं बघितली. कोणी काही विचारलं नाही आणि तीही काही बोलली नाही. घरी येऊन ती बराच वेळ नुसती बसली. नितेशने विचारलं, दमलीस? ती म्हणाली, "नाही. आज काही बोलायचा प्रसंगच आला नाही, त्याचं बरं वाटलं. तेच बरं वाटायला नको होतं."

उलगडा झाला तो एका फोनने. कांदिवलीहून रश्मी सामंत बोलत होत्या, नव्याने सेक्रेटरी झालेल्या. "मॅडम, चार दिवस झाले फॉर्म भरून. तुमचं गाइड काही आलं नाही."

"कुठला ईमेल दिलात?"

"सोसायटीचा. सोसायटीचंच काम ना हे."

जानकीला शंका आली. मग हळूच विचारलं, "त्याचा पासवर्ड कोणाकडे आहे?"

"तो जुन्या सेक्रेटरींकडे आहे. ते मुलाकडे पुण्याला असतात. आम्ही मागतोय केव्हापासून, पण ते म्हणतात, आधी माझ्या कामाबद्दल आभाराचा ठराव करा."

जानकीला हसू आवरेना. तिकडे रश्मीताईही हसायला लागल्या. सतरा वर्षांत जानकीने हे किती वेळा बघितलं होतं! कमिटी बदलते, कपाटाच्या किल्ल्या हातात येतात, शिक्के येतात, ईमेल मात्र जुन्या माणसाकडेच राहतो. तिने यादी उघडली. अडकलेल्या ईमेल पत्त्यांत माणसांची नाही, सोसायट्यांचीच नावं होती. अमुक सीएचएस, तमुक सीएचएस. अंधेरीच्या ऑफिसात बसून श्वेताला हे कधीच दिसलं नसतं. तिला वाटत होतं मेल वाईट आहे. मेल चांगलं होतं, दार चुकलं होतं.

फॉर्मवर ईमेलच्या चौकटीखाली एक ओळ वाढली: "सोसायटीचा नको, तुम्ही रोज उघडता तो ईमेल द्या."

दुसरी गोष्टही जानकीनेच सुचवली. "पीडीएफ फिरतेय ती फिरू दे. थांबवून थांबणार आहे का? उलट प्रत्येक पानाखाली माझं नाव आणि फॉर्मची लिंक टाकू. पण फॉर्म भरणाऱ्याला काहीतरी असं द्यायचं, की जे फॉरवर्ड करून कोणाच्या उपयोगाचं नाही."

"म्हणजे?"

"त्याची तारीख. फॉर्ममध्ये विचारू, तुमची सभा कधी आहे? मग तारखेप्रमाणे त्याला मेल. आज अजेंडा ठरवा. आज नोटीस सगळ्यांच्या हातात पडायलाच हवी. उद्या हजेरीपुस्तक काढून ठेवा. हे मशीन करू शकतं का?"

श्वेता म्हणाली, "करू शकतं. आणि ताई, हे मला सुचायला हवं होतं."

"तू कधी बाबांना विचारलंस, मग ठरलं काय?"

नवी पीडीएफ लवूनेच पहिल्यांदा टाकली, "सुधारित आवृत्ती" असं आपल्या मनाने लिहून. या वेळी ती जिथे गेली तिथून माणसं परत येऊ लागली. एका ग्रुपवर पडली की दुपारपर्यंत पाच-सहा फॉर्म. बोरिवली, मुलुंड, मानखुर्द. सप्टेंबर सरत आला तेव्हा यादी चारशेच्या पुढे गेली होती, आणि यातला प्रत्येक जण स्वतःची सभा स्वतःच्या ईमेलवरून सांभाळत होता. जानकीला सकाळी उठून ती यादी बघायची सवय लागली.

पण काम? एकही नाही. लोक मेल उघडत, त्याप्रमाणे नोटिसा काढत, आणि गप्प. जानकीने श्वेताला विचारलं, तर ती म्हणाली, "वेळ लागतो. विश्वास बसतोय." जानकीला वाटलं, विश्वासाला बसायला खुर्ची तरी किती दिवस द्यायची.

त्याच आठवड्यात दादूने तिला मुलुंडला उडप्याकडे बोलावलं. त्याच्याकडेही ती पीडीएफ कुठून तरी पोचली होती.

"ताई, कमाल केलीत. चारशे सेक्रेटरी! मी दहा वर्षं हिंडतोय, माझ्याकडे एवढे नाहीत." त्याचं कौतुक खरं होतं. त्याने तिच्यासाठी मसाला डोसा सांगितला. "एक मेल टाका फक्त. आमच्या साहेबांचा कार्यक्रम आहे, हॉल घेतलाय, जेवण आहे. रीडेव्हलपमेंटची माहिती. तुमच्या नावाने गेलं की लोक येतील. आणि पुढचं वर्षभर माझ्या सगळ्या सोसायट्या तुमच्याकडे. लिहून देतो हवं तर."

जानकीने डोश्याचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. वर्षभराचं काम. चारशे लोकांनी तर अजून काहीच दिलं नव्हतं.

"त्यांनी मला पत्ते सभेसाठी दिलेत, दादूभाऊ."

"अहो, मग हीपण सभाच की."

"नाही. ज्याला जे सांगून पत्ता घेतला, तेच त्याला पाठवायचं. तुमच्या साहेबांचं मेल त्यांनी मागितलेलं नाही."

"फुकट जेवण आहे ताई, शिव्या नाही देत आपण त्यांना!"

"ते नाव काढतील. आणि काढलं तर ते बरोबरच असेल."

दादूने चटणीची वाटी बाजूला सरकवली. त्याला राग आला होता, की नवल वाटलं होतं, ते तिला कळलं नाही. "बघा बुवा. मग माझंही साहेबांपुढे काही चालणार नाही. तुमचं नाव मी आता कसं घेऊ?" त्याने बिल दिलं, तिला रिक्षात बसवलं आणि गेला.

घरी येऊन जानकीने श्वेताला फोन केला. "वाट लागली बघ. दादूचं काम गेलं."

"आणि लिस्ट?"

"आहे तशी आहे."

"मग त्यांना लिही ना. आत्तापर्यंत तूच सांगतेयस त्यांना. कधी विचारलंस का काही?"

खरंच, तिने कधी विचारलं नव्हतं. सगळ्यांच्या सभा आता उरकल्या असतील. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जानकीने मेल लिहिलं. चित्र नाही, बटण नाही. "नमस्कार, सभा कशी झाली? काय अडलं? याच मेलला उत्तर द्या, मी स्वतः वाचते. जमेल तेवढं उत्तर फुकट देईन. जास्त काम असेल तर फी आधी सांगेन. जानकी राणे, भांडुप."

सकाळी पाठवलं आणि ती बाजारात गेली. परत आली तेव्हा उत्तरं येऊन पडली होती. बोरिवलीच्या एका चेअरमनने लिहिलं होतं, की कोरमच भरला नाही, पुढे काय करू. कोणाची सभा मारामारीपर्यंत गेली होती. एकाने नुसतंच लिहिलं होतं, "तुमच्यामुळे पहिल्यांदा नोटीस वेळेत गेली, बायकोलासुद्धा पटलं." रश्मी सामंतांनी कळवलं होतं, की आभाराचा ठराव केला, पासवर्ड मिळाला, आणि आता आत गेल्यावर दिसतंय, की तीन वर्षांच्या सरकारी नोटिसा न उघडता पडल्यात. हे सगळं निस्तरायला तुम्ही याल का? तुमची फी कळवा.

जानकी एकेकाला उत्तर देत बसली. दुपारचं जेवण राहिलं. शेवटून दुसरं मेल घाटकोपरच्या एका सोसायटीचं होतं, नाव ओळखीचं नव्हतं. एका बिल्डरचं ऑफर लेटर आलंय. येत्या रविवारी विशेष सभा आहे. आमच्यातल्या कोणालाच त्यातलं काही कळत नाही. तुम्ही वाचून सभेत सगळ्यांसमोर सांगाल का, चांगलं-वाईट दोन्ही? जोडलेल्या पत्राच्या माथ्यावर दादूच्या साहेबांचं नाव होतं.

तिने ते पत्र दोनदा वाचलं. मग फोन उचलला आणि आधी दादूला लावला. चोरून करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"दादूभाऊ, रविवारी घाटकोपरला सभा आहे, तिथे मी तुमच्या साहेबांचं पत्र वाचायला येतेय. त्यांनी मला बोलावलंय. तुम्हाला आधी सांगावं म्हटलं."

दादू म्हणाला, "त्यांना कुठून मिळालात तुम्ही?"

"माझ्या यादीत आहेत."

"भाड्याचं बोलणार?"

"पत्रात नसेल तर बोलणार. असेल तर आहे म्हणून सांगेन."

दादूने सुस्कारा टाकला. "साहेबांना सांगतो, पत्रात घालून घ्या म्हणून. ऐकतील की नाही, देव जाणे. तुम्ही याच."

जानकीने फोन ठेवला, मेल पुन्हा उघडलं आणि उत्तर टाइप केलं: रविवारी येते. येताना मूळ प्लॅन आणि सगळ्या मेंबरांचे कार्पेट एरिया काढून ठेवा. खाली फी लिहिली. नावासमोर "सल्लागार" लिहायचं राहिलं होतं, ते लिहिलं आणि पाठवून दिलं.